चार पत्रं, चार पदं: ॲप्रेंटिस, ट्रेनी, इंटर्न आणि फेलो यांत नेमका फरक काय

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआर खात्यात माझी 22 वर्षं गेली. आता घरी असतो, पण सोसायटीतल्या पोरांनी काही मला निवृत्त होऊ दिलेलं नाही. कुणाला ऑफर लेटर आलं की संध्याकाळी बेल वाजते. "काका, जरा वाचून सांगता का? उद्या सही करायचीय."

मध्यंतरी असेच भाऊ-बहीण आले, मागोमाग वडीलही. मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच पूर्ण केलेला, तिच्या हातात तीन पत्रं. भाऊ बी.ई. होऊन वर्षभर नोकरी केलेला, त्याच्याकडे चौथं. एका मोठ्या वाहन कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून 12 महिने, दरमहा 13,500. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत 'डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी' म्हणून दोन वर्षं, दरमहा 16,000. बाणेरच्या एका छोट्या डिझाइन फर्ममध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप, 10,000. आणि भावाला धडगाव तालुक्यात शाळांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेची वर्षभराची फेलोशिप, 28,000.

वडिलांनी हिशोब आधीच करून ठेवला होता. "सोळा हजारवाली घेऊ दे की. ट्रेनी काय आणि ॲप्रेंटिस काय, शिकायचंच आहे ना?"

इथेच गल्लत होते. या चार शब्दांपैकी फक्त एकालाच स्वतःचा कायदा आहे. ॲप्रेंटिस हा शब्द 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात बांधलेला आहे: कोणाला म्हणायचं, किती पैसे द्यायचे, करार कुठे नोंदवायचा, सगळं ठरलेलं. ट्रेनी, इंटर्न आणि फेलो हे शब्द कंपनीने किंवा संस्थेने स्वतःच्या सोयीने लावलेले असतात. त्यांचा अर्थ पत्राच्या मथळ्यावरून ठरत नाही, आतल्या अटींवरून आणि प्रत्यक्ष कामावरून ठरतो.

ॲप्रेंटिसचं पत्र

आधी कटू भाग. कायद्याच्या 18 व्या कलमानुसार ॲप्रेंटिस हा कामगार नसतो, तो प्रशिक्षणार्थी असतो, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणजे पीएफ नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही. वर्ष संपलं की कंपनी 'धन्यवाद' म्हणू शकते. नोकरी देण्याचं बंधन तिच्यावर नाही, तसं दिलेली नोकरी घेण्याचं बंधन उमेदवारावरही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, तरी हा कायदा त्यांच्यात मिसळलेला नाही. तो वेगळाच राहिला आहे.

एवढं ऐकून वडिलांचा चेहरा पडला. पण ज्या कायद्याने तिला कामगार कायद्यांच्या बाहेर काढलं, त्यानेच बदल्यात काही गोष्टी ठोस दिल्या आहेत.

एक म्हणजे स्टायपेंडची किमान रक्कम. 2019 च्या नियमांप्रमाणे दहावी पास असेल तर 6,000, आयटीआयला 7,000, डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधराला 9,000. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत 36 टक्के वाढ सुचवली, म्हणजे दहावीखालच्यांची पायरी 5,000 वरून 6,800 आणि वरची 9,000 वरून 12,300. त्यामुळे पत्र हातात आलं की त्या दिवशीचा दर सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर तपासायचा. कंपनी किमान रकमेपेक्षा जास्त देऊ शकते आणि चांगल्या कंपन्या देतातही. या मुलीच्या 13,500 पैकी 4,000 हा सरकारचा वाटा होता, डिप्लोमाच्या किमान 8,000 चा अर्धा. तो थेट तिच्या आधार जोडलेल्या खात्यात येणार, बाकीचे 9,500 कंपनीकडून. हे दोन तुकडे एकाच दिवशी येतील असं समजू नका. खोली भाड्याने घेताना कंपनीचा वाटा हाच पगार धरावा.

दुसरी गोष्ट अपघाताची. कामावर इजा झाली तर ॲप्रेंटिसला कामगार नुकसानभरपाईच्या तरतुदींप्रमाणे भरपाई देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कारखान्यातले सुरक्षेचे आणि आरोग्याचे नियम त्यालाही लागू. ओव्हरटाइम मात्र शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय करून घेता येत नाही. 'आज जरा थांब, ऑर्डर आहे' असं रोज सुपरवायझर म्हणत असेल तर तो कायदा मोडतोय. आपल्याकडे हे सर्रास चालतं, तो भाग वेगळा.

तिसरी गोष्ट करार मध्येच मोडण्याची. कंपनीच्या चुकीने करार तुटला तर तीन महिन्यांच्या स्टायपेंडइतकी भरपाई उमेदवाराला मिळते. उमेदवाराच्या चुकीने तुटला तर तेवढीच रक्कम प्रशिक्षणाचा खर्च म्हणून त्याच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणजे दोन्ही बाजूंचा धोका आधीच मोजलेला आहे. लाखाचा बाँड वगैरे इथे नाही. भांडण झालं तर कोर्टात नव्हे, सल्लागाराकडे जायचं, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत अपील करायचं.

हे सगळं उभं आहे ते एका गोष्टीवर: नोंदवलेला करार. आयटीआय आणि कौशल्य अभ्यासक्रमवाल्यांसाठी apprenticeshipindia.gov.in, तर डिप्लोमा-पदवीवाल्यांसाठी मुख्यतः nats.education.gov.in. तिथे उमेदवाराचं स्वतःचं लॉगिन असतं. करारात कंपनीचं नाव, विषय, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, स्टायपेंड, सगळं असतं आणि उमेदवाराला तो संमतीसाठी दिसतो. पत्रावर 'ॲप्रेंटिस' लिहिलंय पण पोर्टलवर करार नाही, तर ती ॲप्रेंटिसशिप नव्हे. मग 18 वं कलमही लागू नाही आणि कंपनीला 'हा कामगार नाही' म्हणायचा आधारही उरत नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपनीला कंत्राटी माणसं धरून एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के इतकेच ॲप्रेंटिस घेता येतात. 400 माणसांच्या कारखान्यात 10 ते 60. तुम्ही मुलाखतीला गेलात आणि अर्धी लाइन 'ॲप्रेंटिस'चा बिल्ला लावून उभी दिसली, तर त्यातल्या बऱ्याच जणांचे करार कागदावर नाहीत एवढं समजा.

ट्रेनीचं पत्र

आता वडिलांच्या 16,000 कडे. पत्राला जोडलेल्या तक्त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000, बाकीचे 3,000 इतर भत्ते. पीएफ आणि ईएसआय कापणार असं स्पष्ट लिहिलेलं. ही चांगली खूण होती. मी कागदावर मांडून दाखवलं. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,560, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 120. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. हातात उरले 14,320. म्हणजे ॲप्रेंटिसच्या 13,500 पेक्षा फक्त 820 जास्त. पण कंपनीही पीएफमध्ये 1,560 टाकणार आणि ईएसआयचे 520 भरणार. म्हणजे दरमहा 3,120 तिच्या पीएफ आणि पेन्शनच्या नावावर जमा, वर तिला आणि घरच्यांना ईएसआयचे उपचार. पैशांचा विचार केला तर हे पत्र खरोखरच सरस होतं. वडील अगदीच चुकले नव्हते.

पण आधी हे समजून घ्यायला हवं की अनेक कंपन्या ट्रेनीचा पीएफ का कापत नाहीत. वरचा हिशोब कंपनीच्या बाजूने बघा. एका माणसामागे 2,080 रुपये वाचतात, 100 पोरं असतील तर महिन्याला 2,08,000. 'ट्रेनी' हा शब्द एवढ्या पैशांचा आहे. याच पट्ट्यात 2013 नंतर 'नीम' नावाची योजना जोरात चालली. तांत्रिक शिक्षण परिषदेची योजना, हेतू प्रशिक्षणाचा, पीएफ-ईएसआय नाही. एजन्स्यांनी त्यातून लाइनवर पोरं पुरवली आणि कित्येक पोरांनी दोन-तीन वर्षं एकच नटबोल्ट आवळण्यात घालवली. पुढे ती योजना बंद झाली. तेच काम करून घेण्याची सवय मात्र राहिली, शब्द फक्त बदलत गेला.

कायदा काय म्हणतो? ईएसआयच्या बाबतीत चित्र बरंच स्वच्छ आहे. तो कायदा फक्त 1961 च्या कायद्याखालच्या ॲप्रेंटिसला वगळतो. बाकी तुम्हाला ट्रेनी म्हणा, लर्नर म्हणा, आस्थापनेला ईएसआय लागू असेल आणि पगार 21,000 च्या आत असेल तर तुम्ही त्यात येता. पीएफमध्ये मात्र जुन्या कायद्यात एक फट होती. कंपनीच्या स्थायी आदेशांखाली, म्हणजे तिच्या सेवानियमांखाली घेतलेला शिकाऊही तिथे वगळलेला होता. 2006 मध्ये मंगळूरच्या सुपारी-कोको सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर ट्रेनींना पीएफमधून बाहेर ठेवलं. एचआरवाले आजही तो निकाल तोंडपाठ सांगतात. ते हे सांगत नाहीत की नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत फक्त शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा ॲप्रेंटिस वगळलेला आहे, त्यामुळे ती फट आता बरीच बुजली आहे.

आणि कोणत्याही कायद्यात शेवटी प्रश्न येतो तो कामाचाच. खरं प्रशिक्षण असेल तर त्याचा आराखडा असतो: इतके आठवडे क्वालिटी, इतके आठवडे मेंटेनन्स, शिकवणाऱ्याचं नाव, अधूनमधून चाचणी. खोटं असेल तर तिसऱ्या दिवशी तुमच्या हातात मशीन, भिंतीवर तुमच्या नावापुढे टार्गेट आणि शिफ्ट रिपोर्टवर ऑपरेटर म्हणून तुमची सही. मी मुलांना एकच विचारायला सांगतो: मी उद्या आलो नाही तर लाइनवर कुणाला उभं करणार? 'बदली माणूस पाठवू' असं उत्तर आलं तर तुम्ही कामगार आहात. मग किमान वेतन, पीएफ, सगळ्यावर तुमचा दावा राहतो. असा दावा उद्या करायची वेळ आली तर शिफ्टच्या यादीचा फोटो, पंचिंगची नोंद, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि बँकेचं पासबुक एवढंच उपयोगी पडतं. पोरं नेमकं हेच जपून ठेवत नाहीत.

याची किंमत मी जवळून पाहिली आहे. एका प्रेस शॉपमध्ये मी कामाला होतो, नाव नको. दुसऱ्या पाळीत एका ट्रेनी मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं पॉवर प्रेसमध्ये गेली. मशीन दोन्ही हातांनी बटणं दाबल्यावर चालायचं, पण वेग वाढावा म्हणून एक बटण पट्टीने बांधून ठेवलेलं. मुलगा चार महिने तिथेच काम करत होता, तरी 'ट्रेनिंग चालूय, कायम झाल्यावर बघू' म्हणून त्याची ईएसआयची नोंदणीच केलेली नव्हती. त्या रात्री त्याच्या खिशात फक्त गेट पास होता. नोंदणी न करणं ही मालकाची चूक असते आणि तिच्यामुळे कामगाराचा हक्क बुडत नाही, हे कायद्यात आहेच. पण ते सिद्ध करेपर्यंत खाजगी दवाखान्याचं बिल त्याच्या वडिलांनी कर्ज काढून भरलं. त्याच शॉपमध्ये त्या वर्षी दोन आयटीआयचे ॲप्रेंटिस होते. त्यांचे करार नोंदवलेले असल्यामुळे त्यांना प्रेसवर उभं करायला सुपरवायझर घाबरायचा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कागद हा नुसता कागद नसतो.

परत या मुलीच्या पत्राकडे. पीएफ-ईएसआय होतं, पण दोन अटी बोचत होत्या. दोन वर्षांच्या आत सोडल्यास 1 लाख रुपये, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा. 'बाँड कोर्टात टिकत नाही काका, यूट्यूबवर पाहिलंय' असं भाऊ म्हणाला. असं सरसकट धरून चालू नये. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या सेवेसाठीचा 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायलाच बंदी घालणारी अट टिकणं अवघड, पण मुदतीआधी सोडल्यास वाजवी रक्कम मागणारी अट टिकू शकते. वाजवी किती, तर कंपनीचा खरोखर झालेला खर्च पाहून. 16,000 च्या माणसाकडून 1 लाख हे मला वाजवी वाटत नाही, पण ते ठरवायला नोटीस, वकील आणि वेळ लागतो. गुणपत्रिकेबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, हातात देऊ नका. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीला लागतात तेव्हा त्या परत मागायला जाणं हाच खरा बाँड असतो.

चारही एका नजरेत

| | ॲप्रेंटिस | ट्रेनी | इंटर्न | फेलो |
|---|---|---|---|---|
| आधार | 1961 चा कायदा | नेमणूक पत्र, प्रत्यक्ष काम | पत्र, कॉलेजचे नियम | करार किंवा अनुदानाच्या अटी |
| पैसे | किमान स्टायपेंड ठरलेला | कामगाराचं काम असेल तर किमान वेतन | काहीच बंधन नाही | देणारा ठरवेल तो |
| पीएफ, ईएसआय | नाही | बहुतेक वेळा हवंच | सहसा नाही | सहसा नाही |
| अपघात | मालकावर भरपाईची जबाबदारी | ईएसआय किंवा भरपाई | पत्रात विमा असेल तरच खात्री | पत्रात विमा असेल तरच खात्री |
| तक्रार | शिकाऊ उमेदवारी सल्लागार | कामगार कार्यालय, पीएफ आणि ईएसआय कार्यालय | पत्र असेल तसं | पत्र असेल तसं |

इंटर्नचं पत्र

बाणेरचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यातलं एक पान गोपनीयतेचं. खाजगी इंटर्नशिपला आपल्याकडे वेगळा कायदा नाही. किमान पैसे नाहीत, कमाल मुदत नाही. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा चालू असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायची असेल तर ठीक, तिथे कॉलेजचा मार्गदर्शक असतो आणि क्रेडिट मिळतात. शिक्षण संपल्यावरची सहा महिन्यांची इंटर्नशिप म्हणजे बहुतेक वेळा स्वस्तातला ज्युनिअर. या फर्मच्या पत्रात 'ग्राहकांची ड्रॉइंग मुदतीत पूर्ण करणे' असं काम लिहिलेलं होतं. हे शिकणं नव्हे, हे विकाऊ काम आहे. आणि 10,000 मधून 10 टक्के टीडीएस कापू असंही होतं, कारण फर्म तिला पगार नव्हे तर व्यावसायिक फी देणार होती. तो कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण त्यावरून फर्म स्वतः तिला काय समजते ते कळलं.

सरकारी योजनांची गोष्ट निराळी. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात 12 महिने, दरमहा 5,000 आणि सुरुवातीला एकदा 6,000 असं ठरलेलं होतं, विमाही होता. आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक लाडका भाऊ म्हणतात, तिच्यात बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून 11 महिने. ती संपल्यावर कायम करा म्हणून पोरांनी आंदोलनं केली. मला त्यांचं वाईट वाटतं, कारण कार्यालयांत त्यांनी कारकुनाचंच काम केलं. पण योजनेत नोकरीचं वचन कुठेच नव्हतं.

एक संरक्षण मात्र चारही पदांवरच्या महिलांना सारखं आहे, आणि ते मी मुलीला आवर्जून सांगितलं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ट्रेनी आणि ॲप्रेंटिस यांचं नावच घेतलेलं आहे, आणि पगार मिळो वा न मिळो, स्वयंसेवक म्हणून आलेली व्यक्तीही त्यात धरलेली आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत. 'तू इंटर्न आहेस, तुला हे लागू नाही' असं कुणी म्हणालं तर ते धादांत खोटं आहे.

फेलोचं पत्र

फेलोशिप हा शब्द कानाला सगळ्यांत भारी लागतो, आणि त्याच्याखाली सगळ्यांत वेगवेगळ्या गोष्टी येतात. नेट पास होऊन पीएच.डी. करणाऱ्याला मिळते ती जेआरएफ, जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 आणि घरभाडं वेगळं. ते संशोधनासाठीचं अनुदान आहे. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये 2025-26 च्या तुकडीला प्रवासखर्च धरून दरमहा 61,500, पण अट पदवीची, वय 21 ते 26. ते सरकारी कार्यालयातलं मुदतीचं काम आहे, सरकारी नोकरी नव्हे. आणि तिसरी स्वयंसेवी संस्थांची फेलोशिप, भावाच्या हातातली, जी कागदावर एखाद्या सल्लागाराच्या करारासारखी असते.

त्याच्या पत्रात 28,000 होते, पण धडगावला राहणं, गावोगाव मोटारसायकलने फिरणं आणि पेट्रोल 'फेलोने करावयाचे'. सातपुड्यातल्या घाटात रोज 40-50 किलोमीटर, पावसाळ्यात. मी विचारलं, "गाडी घसरली तर कोण बघणार?" त्याने पत्र उलटून पाहिलं, विम्याचा शब्द नव्हता. फेलो कर्मचारी नाही असं पत्रातच लिहिलेलं असल्यामुळे अपघात झाला तर पहिला वाद यावरच होणार. मी त्याला तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: आरोग्य आणि अपघात विमा, प्रवासखर्च वेगळा, आणि संस्थेचा निधी मध्येच थांबला तर किती दिवसांची सूचना. फेलोशिप बहुतेकदा कुणा देणगीदाराच्या पैशावर चालते आणि पैसा थांबला की वर्षाच्या मध्येही ती संपते. काम आवडत असेल तर जावं. मी अडवलं नाही. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

क्रम महत्त्वाचा

मुलीचा निर्णय शेवटी फिरला तो पैशावर नाही. डिप्लोमा किंवा पदवीनंतर एक वर्ष किंवा जास्त अनुभव झाला की या पदवी-डिप्लोमावाल्या ॲप्रेंटिसशिपसाठी तुम्ही पात्र राहत नाही. म्हणजे आधी दोन वर्षं ट्रेनी राहिली तर ॲप्रेंटिसचं दार बंद. उलट आधी ॲप्रेंटिस केली तर पुढे ट्रेनी म्हणून कुठेही जाता येतं, हातात सरकारी प्रमाणपत्र आणि मोठ्या प्लँटचं नाव घेऊन. दरमहा 820 रुपये आणि वर्षाचा पीएफ सोडून तिला ते विकत घ्यायचं होतं. घरात पैशाची निकड असती तर मी ट्रेनीचंच पत्र घे म्हटलं असतं, फक्त गुणपत्रिकेची अट काढून घेऊन. इंटर्नशिपची अडचण वेगळीच होती. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि ॲप्रेंटिसशिप एकमेकींचे पाय ओढतात: प्रायोगिक टप्प्यात ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्याला तिथे प्रवेश नव्हता. बाणेरच्या पत्राला असा काही नियम लागू नव्हता, पण त्यातून काही मिळणारही नव्हतं.

रुजू होण्याच्या आदल्या शुक्रवारी तिचा फोन आला. "काका, एचआरने सांगितलंय सोमवारी सकाळी सातला या, लाइन दाखवतो. पोर्टलचा करार पुढच्या आठवड्यात होईल म्हणे."

"मग सोमवारी तू कोण असशील?" मी विचारलं.

ती दोन क्षण गप्प होती. मग म्हणाली, "बरोबर. करार येऊ दे, मग लाइन बघते." तिने तसा मेल पाठवला, भांडण न करता, एका ओळीचा. बुधवारी दुपारी तिने मला स्क्रीनशॉट पाठवला: करार क्रमांक, सुरुवातीची तारीख गुरुवारची, स्टायपेंड 13,500. गुरुवारी ती सातच्या बसने गेली.